बूथचा आवाज फाटतोय? आधी हेडफोन कानाला लावा

डोंबिवलीच्या एका हॉलमध्ये हळद होती. स्वतःच्या कंट्रोलरवर वाजवायची माझी ती दुसरीच वेळ. टेबलाच्या बाजूला ठेवलेला १२ इंची मॉनिटर पहिला तासभर नीट वाजला आणि मग ढोलकीच्या प्रत्येक थापेला फर्रर करायला लागला. मी मास्टर कमी केला. समोरचा आवाज उतरला, नवरदेवाच्या मामांनी दोन्ही हातांनी ‘वाढव, वाढव’ अशी खूण केली, आणि मॉनिटर मात्र होता तसाच फाटत राहिला. हॉलचे साउंडवाले काका मागून आले, माझे हेडफोन स्वतःच्या कानाला लावले, दोन बटणं दाबून ऐकलं आणि म्हणाले, “स्पीकर नाही रे फाटला. तू फाडतोयस.”

काकांनी तेव्हा काय ऐकलं ते शेवटी सांगतो. त्याआधी सगळं पहिल्यापासून जोडू, कारण बूथचा अर्धा गोंधळ जोडणीतच होतो.

आधी मागची बाजू बघा

कंट्रोलर पालथा घालून मागची सॉकेटं वाचा. सगळ्या कंट्रोलरना बूथ आउटपुट नसतो. नवशिके सर्रास घेतात त्या डीडीजे-एफएलएक्स४ ला मास्टरची आरसीए जोडी आणि हेडफोन एवढंच आहे, बूथ नाही. पायोनियर डीजेचा डीडीजे-८०० घेतला तर त्याला मास्टरसाठी एक्सएलआर आणि आरसीए आहेत आणि बूथसाठी वेगळी पाव इंची टीआरएस जॅकची जोडी आहे. पुढे मी हाच डोळ्यासमोर ठेवून लिहितोय. तुमचा दुसऱ्या कंपनीचा असला तरी क्रम तोच राहील, फक्त नॉबची जागा आणि नाव थोडं बदलेल.

बूथ म्हणजे पाहुण्यांसाठीचा आवाज नव्हे, तुमच्यासाठीचा. ‘पाहुण्यांसमोरचे मोठे स्पीकर, म्हणजे टॉप्स, ऐकू येतात की, मग वेगळा स्पीकर कशाला’ असं वाटतं, पण आवाजाला हवेतून एक मीटर जायला साधारण तीन मिलिसेकंद लागतात. टॉप्स तुमच्यापासून १५ मीटरवर असतील तर तुम्हाला ऐकू येणारा ठेका ४४ मिलिसेकंद उशिराचा असतो. १२० बीपीएमच्या गाण्यात एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे जवळजवळ दहावा भाग चुकला. हेडफोनमधलं पुढचं गाणं मात्र लगेच कानावर पडतं. ती दोन तुम्ही कानाने जुळवलीत की हॉलमध्ये दोन ढोल पुढेमागे पडल्यासारखे वाजतात आणि तुम्हाला कळतही नाही. हाताच्या अंतरावरचा मॉनिटर यासाठी हवा.

लॅपटॉपशी जोडणी

विंडोज असेल तर यूएसबी लावण्याआधी कंपनीच्या सपोर्ट पानावरून त्या मॉडेलचा ड्रायव्हर उतरवून बसवा आणि लॅपटॉप एकदा रीस्टार्ट करा. मॅकवर काही मॉडेलना ड्रायव्हर लागत नाही, काहींना लागतो, त्यामुळे तेच पान तिथेही बघायचं. हे सगळं घरी, कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी. हॉलच्या वाय-फायवर ड्रायव्हर उतरवत बसलेला डीजे मी पाहिलाय, आणि त्याच्या मागे उभी असलेली वरमाईही.

यूएसबीची केबल थेट लॅपटॉपच्या पोर्टमध्ये घाला. माउस, पेनड्राइव्ह आणि कंट्रोलर एकाच स्वस्त हबवर लटकवला की मध्येच कनेक्शन सुटतं. लॅपटॉपला फक्त टाइप-सी असेल तर एक चांगला अडॅप्टर फक्त कंट्रोलरसाठी ठेवा. केबल ताणलेली नको. तिला टेबलाच्या पायाला एक वेढा देऊन चिकटपट्टी मारली की कोणी अडखळलं तरी प्लग निघत नाही.

आता रेकॉर्डबॉक्स, म्हणजे कंट्रोलरबरोबर चालणारं गाणी मिसळायचं सॉफ्टवेअर, उघडा. वर डावीकडे `EXPORT` दिसत असेल तर तिथून `PERFORMANCE` निवडा, नाहीतर डेक हलणारच नाहीत. मग `Preferences` मध्ये `Audio` वर जा आणि ऑडिओ डिव्हाइस म्हणून तुमचा कंट्रोलर निवडलाय का ते बघा. इथे लॅपटॉपचाच स्पीकर निवडलेला राहिला तर जॉग फिरतो, दिवे लागतात, गाणं पुढे सरकतं, पण कंट्रोलरमधून आवाज येत नाही. नव्या माणसाचा पहिला अर्धा तास बहुतेक इथेच जातो.

त्याच पानावर `Buffer size` आहे. ४४,१०० हर्ट्झला २५६ सॅम्पल म्हणजे सुमारे ६ मिलिसेकंद आणि ५१२ म्हणजे सुमारे १२. मी २५६ वर सुरुवात करतो आणि लॅपटॉप दमला तर ५१२ वर नेतो. दमलेला लॅपटॉप ओळखायचा कसा, तर बारीक आवाजातही मधूनमधून टक्‌टक्, कट्‌कट् येते आणि तिचा ठोक्याशी काही संबंध नसतो. हे लक्षात ठेवा, कारण पुढे फाटणारा आवाज आणि ही कटकट यांत गल्लत होते.

आणखी एक काम बाकी राहतं. कंट्रोलर लावला की लॅपटॉप कधीकधी स्वतःचे सगळे आवाज त्याच्याकडे वळवतो. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये नेहमीचं आउटपुट परत लॅपटॉपच्या स्पीकरवर ठेवा. रेकॉर्डबॉक्सवर त्याचा परिणाम होत नाही, पण तुमच्या मेसेजची टिंग मंगलाष्टकांच्या मध्ये हॉलभर घुमत नाही.

स्पीकरच्या केबली

डीडीजे-८०० च्या बूथला टीआरएस केबल लावायची. टोकाच्या धातूवर दोन काळ्या रेघा दिसतात ती टीआरएस, एकच रेघ दिसते ती गिटारची टीएस. मॉनिटरच्या मागे एक्सएलआर असेल तर टीआरएस-ते-एक्सएलआर केबल घ्या. बूथच्या एकाच जॅकमधून डावा-उजवा काढायला हेडफोनचा वाय-जोड लावू नका. तिथे डाव्याला एक आणि उजव्याला एक असा स्वतंत्र जॅक आहे.

मॉनिटर एकच असेल, आणि आपल्याकडे बहुतेक एकच असतो, तर फक्त डावा जॅक लावल्यावर गाण्यातलं उजवीकडचं वाद्य गायब होतं. सेटिंगमध्ये बूथ मोनो करायची सोय असेल तर ती वापरा.

मॉनिटरच्या पाठीवर लाइन आणि माइक असा छोटा स्विच असतो. तो लाइनवर पाहिजे. तुमच्या आधी कोणीतरी त्या स्पीकरवर माइक लावून भाषण केलेलं असतं, स्विच तसाच राहतो, आणि बूथचा दणकट सिग्नल माइकच्या नाजूक इनपुटमध्ये घुसतो. मग बूथचा नॉब जेमतेम हलवला तरी आवाज फाटतो.

सुरू करताना आधी लॅपटॉप, मग कंट्रोलर, सगळ्यात शेवटी स्पीकर. बंद करताना उलट, स्पीकर आधी. नाहीतर ‘धप्’ होतं आणि ते स्पीकरच्या कोनला सोसावं लागतं.

हेडफोन

हेडफोन कान पूर्ण झाकणारे आणि वायरचे घ्या. ब्लूटूथमध्ये आवाज इतका मागे पडतो की ठेका जुळवणं जमत नाही. आणि ते कंट्रोलरलाच लावायचे, लॅपटॉपला नाही. लॅपटॉपच्या जॅकमधून क्यू, म्हणजे पुढचं गाणं आधी फक्त तुमच्या कानात ऐकायची सोय, मिळत नाही.

कंट्रोलरवर क्यू नावाची दोन वेगळी बटणं असतात आणि नवखा माणूस इथे हमखास फसतो. प्लेच्या शेजारचं मोठं गोल बटण गाणं ठरलेल्या जागी परत नेतं. वाजत्या डेकवर ते चुकून दाबलं तर हॉलमधलं गाणं बंद पडतं. आपल्याला हवं ते दुसरं, मधल्या मिक्सरवर फेडरजवळ, हेडफोनचं चित्र असलेलं. ते दाबलं की त्या चॅनेलचा आवाज कानात येतो, फेडर पूर्ण खाली असला तरी. तिथेच मास्टरसाठीही एक क्यू बटण असतं.

हेडफोनचे नॉब दोन. एक लेव्हलचा, दुसरा मिक्सिंगचा. मिक्सिंग एका टोकाला क्यू, दुसऱ्या टोकाला मास्टर. घरी असं करून बघा. पहिल्या डेकवर गाणं सुरू, फेडर वर. दुसऱ्यावर दुसरं गाणं, फेडर खाली, त्याचं हेडफोनवालं बटण पेटलेलं. मिक्सिंग पूर्ण क्यूकडे नेला की कानात फक्त दुसरं गाणं यायला हवं. मास्टरकडे नेला की फक्त पहिलं. मध्ये ठेवला की दोन्ही. क्यूकडे नेऊनही पहिलं गाणं ऐकू येत असेल तर पहिल्या चॅनेलचं क्यू बटण पेटलेलं राहिलंय, ते विझवा.

लेव्हल नॉब अर्ध्यापेक्षा कमी ठेवायची सवय लावा. हेडफोनचा आवाजच कोंबलेला असेल तर तोच फाटतो, आणि मग हेडफोनवरून आपण जी परीक्षा करणार आहोत ती खोटी ठरते. शिवाय कानांचंही बघा. १०० डेसिबलला रोजची सुरक्षित मर्यादा १५ मिनिटांचीच धरतात, आणि कान बधिर झाला की हात आपोआप बूथच्या नॉबकडे जातो.

लेव्हल बसवणं

आता मुख्य काम. एक गोष्ट समजली की बाकीचं सोपं होतं. डीडीजे-८०० सारख्या कंट्रोलरमध्ये दोन्ही चॅनेलचा आवाज आधी एकत्र होतो आणि तिथून दोन वाटा फुटतात, एक मास्टरच्या नॉबकडे, दुसरी बूथच्या नॉबकडे. म्हणून मास्टर कमी केल्याने बूथचं काही कमी होत नाही. तुमच्या कंट्रोलरमध्ये तसंच आहे का हे पाहायला मास्टर शून्यावर न्या. मॉनिटर वाजत राहिला तर वाटा वेगळ्या आहेत. गप्प झाला तर तुमचा बूथ मास्टरच्या मागून निघतो, आणि मग मास्टर हलवला की बूथही हलणार हे धरून चाला.

या रचनेचा दुसरा परिणाम जास्त महत्त्वाचा. आवाज वाटा फुटण्याआधीच, म्हणजे चॅनेलमध्ये, फाटला असेल तर बूथचा नॉब कितीही खाली आणा, फाटलेला आवाज फक्त बारीक होतो. नळाला गढूळ पाणी येत असेल तर तोटी कमी केल्याने ते स्वच्छ होत नाही, तसंच.

म्हणून सेटिंग नळाच्या टोकाकडून करायचं नाही, टाकीकडून करायचं. मास्टर, बूथ आणि मॉनिटरचा स्वतःचा गेन, तिन्ही शून्यावर. दोन्ही चॅनेलचे ट्रिम, म्हणजे गाण्याची मूळ पातळी ठरवणारे नॉब, मधोमध, इक्यूचे सगळे नॉब मधोमध. तुमच्या यादीतलं सगळ्यात दणकट गाणं लावा आणि त्यातला सगळ्यात भरगच्च भाग वाजवा. सुरुवातीच्या शांत शहनाईवर लेव्हल लावली तर बीट पडल्यावर मीटर लाल होणार. फेडर पूर्ण वर करा आणि ट्रिम असा लावा की चॅनेलचा मीटर हिरव्याच्या वरच्या टोकाला राहील आणि जोरदार ठोक्याला केशरीला शिवून येईल. लाल एकदाही नको.

दुसऱ्या डेकवर तेच करा. मग दोन्ही फेडर वर करून दोन्ही गाणी एकदम वाजवा. कानाला घाण वाटेल, पण नजर मास्टरच्या मीटरवर ठेवा. सारख्या जोराची दोन गाणी मिसळली की पातळी साधारण ३ डेसिबलने वाढते, आणि दोघांचे ठोके बरोबर एकावर एक पडले तर ६ पर्यंत. एकेकटं गाणं स्वच्छ आणि मिक्स करताना मात्र फाटतं, त्याचं कारण बहुतेक वेळा हे. क्लिपचा दिवा लागला तर दोन्ही ट्रिम सारखेच थोडे खाली घ्या आणि पुन्हा बघा.

मग बूथ. त्याचा नॉब बारा वाजताच्या जागी आणा. मॉनिटरचा गेन अजून शून्यावरच आहे, तो आता हळूहळू वाढवा, तुमच्या उभं राहायच्या जागी शेजारच्याशी मोठ्याने बोलता येईल इतपत. मॉनिटरवर लिमिट किंवा पीकचा दिवा असतो. तो ठोक्याला लागत असेल तर गेन कमी. हा क्रम उलटा झाला, म्हणजे मॉनिटरचा गेन जेमतेम आणि बूथ शेवटाला टेकलेला, की रात्री गर्दी वाढल्यावर तुमच्या हातात काही उरत नाही. गर्दी वाढल्यावर समोरचा आवाज वाढणार, मग बूथही थोडा लागणार. बारावरून दोनपर्यंतची ती जागा शिल्लक हवी.

बाससाठी इक्यूचा लो नॉब वाढवायची सवय असेल तर ती सोडा. लो वाढवला की चॅनेलची पातळी वाढते, आणि लहान मॉनिटरला तो बास पेलवतही नाही. उलट बूथला बास कमीच बरा, सबचा धप्पा तसाही जमिनीतून पायापर्यंत येतो.

फाटलाच, तर

आता काकांची दोन बटणं. त्यांनी आधी वाजत्या चॅनेलचं क्यू दाबलं, हेडफोनची लेव्हल कमी करून ऐकलं. मग ते विझवून मास्टरचं क्यू दाबलं आणि ऐकलं. तेवढ्यावर त्यांना जागा कळली.

चॅनेलच्या क्यूमध्येच फाटत असेल तर दोष ट्रिममध्ये, इक्यूमध्ये किंवा गाण्याच्या फाइलमध्ये आहे. ट्रिम बराच खाली आणा. आवाज बारीक होऊन स्वच्छ झाला तर ट्रिमच जास्त होता. बारीक होऊनही त्याच ठोक्याला चिरकत असेल तर फाइलच तशी आहे. मोबाइलवरून फिरत आलेले हळदीचे रीमिक्स पुष्कळदा बनवतानाच फाटलेले असतात. त्याला कंट्रोलरवर औषध नाही, यादीतून काढा.

चॅनेल स्वच्छ आणि मास्टरच्या क्यूमध्ये फाटतं, तर बेरीज जास्त होतेय. फेडर दोन्ही वर राहिलेत का, माइक उघडा आहे का, ते बघा. इफेक्ट चालू राहिला असेल तर तोही पातळी वाढवतो.

हेडफोनमध्ये दोन्ही स्वच्छ आणि मॉनिटर फाटतोय, तर दोष बूथच्या नॉबच्या पुढचा. बूथ थोडा खाली आणून मॉनिटरचा गेन तेवढा वाढवून बघा. सुधारलं तर बूथ जास्त होता. नाही सुधारलं तर उलट करा, गेन खाली. तरीही नाही तर माइक-लाइनचा स्विच, मग केबल बदलून. अगदी बारीक आवाजातही एका विशिष्ट सुराला घरघर येत असेल तर मात्र कोन खरोखर गेलाय.

आणि फक्त टक्‌टक् येत असेल, आवाज कमी-जास्त केल्याने काहीच बदलत नसेल, तर तो बफर. संथ ‘हूं’ येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर क्षणभर काढून बघा. गेला तर अर्थिंगचा प्रश्न आहे. लॅपटॉप आणि स्पीकर एकाच बोर्डावरून घेतल्याने तो बरेचदा सुटतो.

माझ्या बाबतीत झालं होतं असं. सुरुवातीला मी एक जुनं लोकगीत लावलं होतं. रेकॉर्डिंग हळू होतं म्हणून पहिल्या चॅनेलचा ट्रिम तीन वाजेपर्यंत नेला. तासाभराने त्याच चॅनेलवर नवा रीमिक्स चढवला आणि ट्रिम तिथेच राहिला. मीटर लाल होता, पण माझी नजर लॅपटॉपच्या पडद्यावर. समोरच्या टॉप्समधूनही फाटकाच आवाज जात होता, फक्त १५ मीटरवरून आणि गोंगाटात तो कोणाला जाणवला नाही. काकांनी ट्रिम मधोमध आणला, मास्टर मामांसाठी थोडा वाढवला, आणि बूथला हातही लावला नाही.